बादली भरायला पंचवीस सेकंद

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आमच्या गावच्या मुख्य रस्त्यावर, बँकेच्या वळणाजवळ, डांबराला ओल आलेली दिसली. ताटाएवढा काळा डाग. आजूबाजूचा रस्ता धुळीनं पांढरा आणि तेवढाच तुकडा ओला. चौथ्या दिवशी तिथलं डांबर फुगलं, सहाव्या दिवशी फुटलं आणि भातातून उकळी वर यावी तसं पाणी वर यायला लागलं. तिथून ते रस्त्याच्या कडेनं वाहत जाऊन शाळेच्या कोपऱ्यावरच्या गटारात पडायचं.

मी इथल्याच माध्यमिक शाळेत ३१ वर्षं विज्ञान आणि गणित शिकवलं. निवृत्त होऊन सात वर्षं झाली. सकाळी फिरायला जायचा माझा हाच रस्ता. आमच्या गल्लीत पाणी दिवसाआड येतं, तेही सव्वा तास. घरी पिंप, घागरी, कळशा भरून ठेवायच्या आणि रस्त्यात येऊन बघायचं तर स्वच्छ पाणी गटारात चाललंय. पहिल्याच दिवशी मी आमच्या भागाच्या व्हॉल्व्हमनला सांगितलं. तो म्हणाला, "बघितलंय बाई, साहेबांच्या कानावर घातलंय." आठवडाभर वाट पाहिली. मग १२ फेब्रुवारीला मी स्वतः नगरपालिकेत गेले.

खिडकीवर बसलेल्या मुलानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, ते गटाराचं पाणी असेल, तिथं गटार तुंबतं." मी लेखी अर्ज दिला, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का मारून घेतला. ही सवय शाळेतली. कार्यालयात कागद दिला की त्याची पोच घ्यायची, नाहीतर तो कागद दिलाच नव्हता असं समजायचं. ही पोच पुढे फार उपयोगी पडली.

आतल्या खोलीतल्या अभियंत्यांनी मला बसवलं, चहा विचारला, आणि खरी अडचण सांगितली. पाइप नगरपालिकेचा, पण रस्ता राज्याच्या खात्याचा. खोदायचं तर त्या खात्याची परवानगी लागते. मी दुसऱ्या दिवशी त्या खात्याच्या कार्यालयात गेले. तिथले गृहस्थ म्हणाले, "पाणी आमचं नाही, पाइप आमचा नाही. उलट आमचा रस्ता उखडतोय, नुकसान आमचं होतंय." दोघांचं म्हणणं त्यांच्या त्यांच्या जागी खरं होतं. पाणी मात्र वाहतच होतं.

फेब्रुवारी संपता संपता खड्डा परातीएवढा झाला. उसाचा हंगाम जोरात होता, दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर त्याच खड्ड्यातून जायचे आणि प्रत्येक वेळी कडेचं डांबर ढेकळासारखं सुटायचं. पाण्यामुळे खोली कळायची नाही. १ मार्चला सकाळी दुधाच्या किटल्या लावलेली मोटरसायकल माझ्यासमोर त्यात घसरली. पोरगा उठला, कोपर फुटलं होतं, पण त्याचं लक्ष दुधाकडे. दूध आणि पाणी एकमेकांत मिसळून गटाराकडे चाललं होतं. मी त्याला बाजूला बसवलं, पदरानं कोपर पुसलं. घरी आले ती हात थरथरतच. ३ मार्चला दुसरा अर्ज दिला आणि त्याच रात्री बसून वर्तमानपत्राच्या संपादकांना पत्र लिहिलं.

ते पहिलं पत्र माझ्याकडे अजून आहे. चार पानं. त्यात प्रशासनाची झोप होती, करदात्यांचा पैसा होता, पाणी म्हणजे जीवन होतं, लोकप्रतिनिधी होते, दुधाचा प्रसंगही होता. मनापासून लिहिलं होतं, एक शब्दही खोटा नव्हता. पुढच्या तीन-चार दिवसांत ते छापून आलं नाही.

आमच्या तालुक्याचा वार्ताहर माझा जुना विद्यार्थी. बाजारात भेटला तेव्हा मी विचारलं. तो आधी संकोचला, मग म्हणाला, "बाई, राग नका मानू. संपादकांच्या टेबलावर रोज ढीगभर पत्रं येतात. तुमच्या पत्रात कुठला रस्ता हे तिसऱ्या पानावर कळतं. गळती कधीपासून ते कळतच नाही. आणि 'अधिकारी पैसे खातात' हे वाक्य पुराव्याशिवाय कोण छापेल?" त्यानं मला नियम सांगितले. दीडशे शब्दांच्या आसपास. एकच विषय. खाली पूर्ण नाव, पत्ता आणि फोन, कारण छापण्याआधी खात्री करायला फोन येतो. आणि वाचणाऱ्याला, म्हणजे ज्यानं काम करायचं त्याला, नेमकं काय करायचं ते कळलं पाहिजे.

वर्गात मी हेच सांगत होते की निरीक्षण आधी, अनुमान नंतर. माझ्या पत्रात निरीक्षण दोन ओळींचं आणि अनुमान चार पानांचं होतं. मी ठरवलं की हे पाणी आधी मोजायचं.

कडेनं वाहणारं पाणी गटारात पडत होतं तिथे गटाराची एक फरशी तुटलेली होती. तिथे पाणी पसरून पडायचं, बादलीत मावायचं नाही. शेजारच्या गॅरेजवाल्यानं पत्र्याचा एक तुकडा पन्हळीसारखा वाकवून दिला. तो मातीनं लिंपून बसवला तेव्हा सगळं पाणी एका धारेत आलं. घरची बादली घेतली. तिच्यावर १६ लिटर छापलेलं होतं, पण दुधाच्या लिटरच्या मापानं भरून पाहिलं तर काठोकाठ होण्याआधी, हात लावून उचलता येईल अशा खुणेपर्यंत १५ लिटर बसत होतं. तिथे मी खडूनं रेघ मारली. मोबाइलचं स्टॉपवॉच झेरॉक्सच्या दुकानातल्या मुलीच्या हातात दिलं. बादली धारेखाली सरकवली की ती "सुरू" म्हणायची, रेघेला पाणी लागलं की मी "बस".

पाच वेळा मोजलं. २४, २६, २५, २५, २७ सेकंद. एकदाच मोजून थांबायचं नाही, कारण बादली सरकवताना अर्धा-एक सेकंद चुकतोच. सरासरी साधारण २५ धरली. २५ सेकंदांत १५ लिटर म्हणजे मिनिटाला ३६ लिटर, तासाला २१६०. आणि हा आकडा कमीत कमी होता, कारण जमिनीत मुरणारं आणि पत्र्याखालून निसटणारं पाणी त्यात नव्हतं.

आता तासाचं दिवसात कसं करायचं? चोवीसनं गुणलं तर चूक झाली असती, कारण पाणी चोवीस तास वाहत नव्हतं. रात्री उशिरा तिथून गेलं की खड्डा नुसता भरलेला असायचा, उकळी नसायची. म्हणून मी आणि झेरॉक्सवाल्या मुलीनं एक वही केली. पाणी कधी जोरात येतं, कधी मंदावतं, कधी थांबतं, ते तारीख-वेळेसह लिहायचं. पहाटेची आणि रात्रीची नोंद माझी, दिवसाची तिची. ८, ९ आणि १० मार्च असे तीन दिवस.

या वहीनंच खरं काम केलं. तिन्ही दिवस पाणी पहाटे चारच्या सुमाराला सुरू होत होतं, दुपारी बारानंतर मंदावत जाऊन थांबायचं, दोनच्या पुढे पुन्हा जोर धरायचं आणि रात्री दहानंतर बंद व्हायचं. गल्ल्यांना पाणी सोडण्याच्या वेळा या नव्हेत. आमच्या भागाला दिवसाआड येतं आणि हे मात्र रोज वाहत होतं. म्हणजे फुटला होता तो घरोघर पाणी नेणारा वाटपाचा पाइप नव्हता. शुद्धीकरण केंद्रातून उंच टाकीत पाणी चढवणारी मुख्य वाहिनी, जिला नगरपालिकेतले लोक रायझिंग म्हणतात, ती गळत होती. टाकीकडच्या ऑपरेटरला विचारलं तर पंपाच्या वेळा त्याच निघाल्या, पहाटे चार ते बारा आणि दोन ते दहा. सोळा तास. २१६० गुणिले १६ म्हणजे ३४ हजार ५६० लिटर. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोज १३५ लिटरचं प्रमाण धरतात, त्या हिशेबानं अडीचशेच्या वर माणसांचं पाणी. १० हजार लिटरचे साधारण साडेतीन टँकर, रोज.

पंप थांबला की पाणी लगेच बंद का होत नव्हतं, हेही मला उलगडलं. टाकीकडच्या चढावरच्या पाइपात जे पाणी उभं असतं ते उताराला येऊन गळतीवाटे निघून जात होतं. ते संपलं की धार थांबायची. पण मग पाइप तिथे रिकामा आणि बाहेर खड्ड्यात गढूळ पाणी तुडुंब. रस्त्यावरची घाण, जनावरांचं शेण, शेजारच्या गटाराचा पाझर, सगळं त्यात. जिथून पाणी बाहेर येऊ शकतं तिथूनच ते आतही जाऊ शकतं. दोनला पंप सुरू झाला की आत शिरलेलं पाणी ढकललं जाणार टाकीत, आणि टाकीतून गावभर. मी खरी घाबरले ती हे लक्षात आल्यावर. पाणी वाया जातंय हे डोळ्यांना दिसत होतं, ही गोष्ट दिसत नव्हती.

राहिलं खिडकीवरच्या मुलाचं म्हणणं, गटाराचं पाणी. ते खोडायला माझ्याकडे साधन नव्हतं. आमच्या भागातल्या आरोग्य सेवकाकडे ओ.टी. टेस्टची पेटी असते, नळाच्या पाण्यात क्लोरिन शिल्लक आहे का ते बघायची. काचेच्या नळीत पाणी घेऊन ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे, क्लोरिन असेल तर पाणी पिवळं होतं. जितकं जास्त, तितकं गडद. नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावं लागतं. ते औषध हाताला लागू देऊ नये, म्हणून चाचणी त्यानंच केली, मी फक्त नमुने भरले. एक घरच्या नळाचा, एक गटाराचा, आणि एक गळतीचा. गळतीचा नमुना घेताना वाहून आलेलं पाणी चालत नाही, चिखलात आणि उन्हात क्लोरिन उडून जातो. उकळी जिथे वर येते तिथेच बाटली धरून भरायची आणि लगेच तपासायची.

आम्ही रस्त्याच्या कडेलाच, रसवंतीच्या बाकावर तिन्ही नळ्या उभ्या केल्या. गटाराचं पाणी होतं तसंच मळकट राहिलं. नळाचं हळदीचं बोट बुडवावं तसं झालं. गळतीचं त्याच्यापेक्षा फिकं, पण नक्की पिवळं. रसवंतीवाला, दोन रिक्षावाले आणि बँकेत पेन्शन काढायला आलेले तिघे-चौघे भोवती जमले होते. कोणी काही बोललं नाही. ते पिण्याचं पाणी होतं.

११ मार्चला मी दुसरं पत्र लिहिलं. एक मोह झाला तो सांगते. वार्ताहर म्हणाला होता की पाच आठवड्यांचा एकूण आकडा काढा, बारा लाख लिटर येतो, मथळा होईल. पण मी पाणी मोजलं होतं पाचव्या आठवड्यात. पहिल्या आठवड्यात ते नुसतं झिरपत होतं. तेव्हाचा आकडा माझ्याकडे नव्हता, म्हणून मी तो लिहिला नाही. एक आकडा फुगवलेला निघाला असता तर बाकीचे खरे आकडेही त्याच्याबरोबर गेले असते. पत्र असं होतं:

"मा. संपादक, स. न. वि. वि.

आमच्या गावातील मुख्य रस्त्यावर बँकेच्या वळणाजवळ जमिनीखालील जलवाहिनी पाच आठवड्यांपासून गळत आहे. नगरपालिकेकडे १२ फेब्रुवारी व ३ मार्च रोजी लेखी तक्रार दिली. दोन्हींची पोच माझ्याकडे आहे. ८ ते १० मार्च या दिवसांत मी गळणारे पाणी मोजले. १५ लिटरची बादली सरासरी २५ सेकंदांत भरते. पंप रोज १६ तास चालतो. म्हणजे दिवसाला सुमारे ३४ हजार लिटर पाणी गटारात जाते. ओ.टी. चाचणीत या पाण्यात क्लोरिन आढळला. ते शुद्ध केलेले पिण्याचे पाणी आहे. पंप थांबल्यावर खड्ड्यातील घाण पाणी वाहिनीत शिरण्याचा धोका आहे. परवा येथे एक दूधवाला पडून जखमी झाला. रस्ता एका खात्याचा व वाहिनी नगरपालिकेची असल्याने खोदाईची परवानगी अडली आहे, असे सांगण्यात येते. परवानगीचा अर्ज नगरपालिकेने कोणत्या तारखेला केला आणि त्याला काय उत्तर मिळाले, एवढे जाहीर करावे व दुरुस्तीचा दिवस सांगावा."

खाली नाव, पत्ता, फोन आणि 'निवृत्त शिक्षिका'. सोबत दोन्ही पोचांच्या झेरॉक्स आणि वहीच्या दोन पानांचे फोटो जोडले. ते छापायला नव्हते, संपादकांना खात्री पटावी म्हणून.

१५ तारखेला वर्तमानपत्राच्या कार्यालयातून फोन आला. पत्र तुम्हीच लिहिलंत का, बादलीनं कसं मोजलं, पंपाच्या वेळा कोणी सांगितल्या, असं एका बाईंनी बारकाईनं विचारलं. दूधवाल्याचं वाक्य काढू का, म्हणाल्या, कारण त्याची खात्री आम्हाला करता येत नाही. शिवाय 'परवा' म्हणजे कधी? त्यांचं बरोबर होतं. प्रसंग १ मार्चचा, मी पत्र लिहिलं ११ला आणि पहिल्या पत्रातलं 'परवा' तसंच उतरवलं होतं. इतकं तपासूनही एक चूक राहिलीच. ते वाक्य काढलं. १८ मार्चला पत्र आतल्या पानावर, डाव्या हाताला खाली छापून आलं. मथळा त्यांनी दिलेला: 'रोज ३४ हजार लिटर पाणी गटारात'.

त्या दिवशी साडेनऊलाच नगरपालिकेतून फोन आला. "बाई, आमच्याकडे यायचं होतं, पेपरात कशाला दिलंत?" आवाजात राग होता, थोडं दुःखही होतं. मी म्हटलं, दोनदा आले होते, पोच आहे. पलीकडे शांतता. दुपारी कळलं ते असं, की परवानगीचा अर्ज कुठे अडला नव्हता, तो केलाच नव्हता. तोंडी बोलणं झालं होतं, दोन्ही बाजूंना वाटत होतं की कागद दुसऱ्यानं हलवायचा. पत्रातल्या तारखेच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं म्हणून फाइल काढली तेव्हा ते समोर आलं. अर्ज त्याच संध्याकाळी गेला. रस्ता पूर्ववत करण्याची अनामत रक्कम भरून चौथ्या दिवशी परवानगी आली. सहा आठवडे अडलेलं काम चार दिवसांत सुटलं. हे मी कोणावर दोष ढकलायला लिहीत नाही. त्या पत्रात दीडशेभर शब्द होते, त्यातलं काम केलं ते एका प्रश्नानं, आणि तो प्रश्न सुचला तो दोन्ही कार्यालयांत स्वतः जाऊन आल्यामुळे.

२३ मार्चला जेसीबी आला. जिथे पाणी वर येत होतं तिथेच खोदलं. चार फुटांवर पाइप लागला, आणि तो धडधाकट होता. पाणी पाइपाच्या पोटाखालून, कुठून तरी वाहत येत होतं. पाइप टाकताना खाली-बाजूला जी भुसभुशीत भर घालतात त्यातून पाणी सोपी वाट काढत दूर जातं आणि जिथे डांबर कच्चं तिथे डोकं वर काढतं. गळती एका जागी, पाणी दुसऱ्या जागी. कामगार म्हणाले, सगळा रस्ता फोडावा लागेल. रस्त्याच्या खात्याचा माणूस नाही म्हणाला. खड्डा तसाच उघडा, भोवती पिवळी पट्टी, आणि संध्याकाळ झाली.

तेव्हा अभियंत्यांनी एका जुन्या फिटरला बोलावणं पाठवलं. नगरपालिकेतूनच निवृत्त झालेले, सत्तरीचे, कानटोपी घातलेले मिस्त्री. त्यांनी खड्डा पाहिला आणि म्हणाले, "आत्ता काही कळायचं नाही. पहाटे पंप चालू झाल्यावर येतो. गाड्या नसतात तेव्हा."

मीही गेले. पहाटे सव्वाचार, रस्त्यावर एक कुत्रं आणि आम्ही पाच जण. मिस्त्रींच्या हातात जमीन खणायची लोखंडी पहार. तिचं टोक रस्त्यावर टेकवायचं, दुसऱ्या टोकाला कान लावायचा, डोळे मिटून अर्धा मिनिट ऐकायचं, मग दोन पावलं पुढे. खड्ड्यापासून चढाच्या बाजूला ते असे सरकत गेले. एके ठिकाणी थांबले. पुढे गेले, पुन्हा मागे आले. मग मला म्हणाले, "बाई, ऐका." मी कान लावला. थंडगार लोखंडातून एक बारीक, सलग 'सूं' येत होतं, दूध वर यायच्या आधी पातेलं बोलतं तसं. दोन पावलं पुढे टेकवली तर आवाज निम्मा. मी ध्वनी शिकवताना मुलांना सांगायची की स्थायूतून आवाज हवेपेक्षा चांगला जातो, बाकाला कान लावून टिचकी मारायला लावायची. ते असं कामाला आलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मिस्त्रींनी खडूनं फुली मारली. खड्ड्यापासून २८ पावलं.

सकाळी पंप बंद ठेवून फुलीवर खोदलं. सांधा तिथेच होता. पाइप बीडाचा, जुना. अशा पाइपाचं एक टोक रुंद असतं, दुसऱ्या पाइपाचं टोक त्यात बसवतात, मधल्या फटीत तागाचा दोर ठोकून वर वितळलेलं शिसं ओततात. त्या शिशाची कडी एका बाजूनं बोटभर बाहेर आली होती. मिस्त्री म्हणाले, इथली जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्याच्या तोंडाला आकसते, पाइप इकडचा तिकडे होतो. त्यात वरून उसाच्या ट्रॉल्या. शिसं मऊ, ते सरकतं. त्यांनी छिन्नी-हातोड्यानं शिसं फिरून फिरून आत ठोकलं, घाव मोजून घातल्यासारखे एकसारखे. मग वर रबर लावून दोन तुकड्यांची लोखंडी क्लॅम्प बोल्टांनी आवळली. सगळं मिळून सहा तास. पंप सुरू करून खड्डा तासभर उघडाच ठेवला. मी काठावर बसून त्या सांध्याकडे बघत होते. कोरडा होता. मिस्त्रींनी बोटानं खालून चाचपून पाहिलं आणि बोट मला दाखवलं, तेही कोरडं.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी गावाला गढूळ पाणी येणार हे त्यांनीच सांगितलं. पहिली दहा मिनिटं नळ सोडून द्या, मग भरा, आणि दोन दिवस उकळून प्या. हे मी फळ्यावर लिहून बँकेच्या वळणावर लावलं. आरोग्य सेवकानं तिसऱ्या दिवशी चार भागांतल्या नळांना ओ.टी. टेस्ट केली, चारही पिवळी आली.

दुरुस्ती झाल्याचं कळवणारं आणि अभियंत्यांचे, रस्त्याच्या खात्याचे, मिस्त्रींचे आभार मानणारं पत्रही मी वर्तमानपत्राला पाठवलं. तक्रार छापून आली तर ती मिटल्याचंही छापून यावं, असं मला वाटतं. ते अजून आलेलं नाही. त्याची एक प्रत मी मिस्त्रींना नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली, घडी घालून देवाच्या फोटोमागे ठेवली आणि म्हणाले, "हा एक सांधा झाला, बाई. टाकीपर्यंत असेच आहेत सगळे."

एक गोष्ट मनासारखी झाली नाही. दोन्ही खड्डे भरताना मी मुरूम घाला, थर देऊन, पाणी मारून धुमस करा, असं सांगत होते. घाई होती, बाहेर काढलेली तीच ओली काळी माती परत लोटली आणि वरून डांबराचा एक हात फिरवला. तीन आठवड्यांत तिथला रस्ता खचायला लागला. काल मी लाकडी पट्टी आडवी ठेवून मधे फूटपट्टीनं मोजलं, सहा सेंटिमीटर. आज सकाळी नगरपालिकेत आणि रस्त्याच्या खात्यात, दोन्हीकडे अर्ज दिले, मोजमापासह, आणि अनामत रक्कम याच कामासाठी भरलेली आहे हेही त्यात लिहिलं. दोन्ही पोचा वहीत चिकटवल्या आहेत.